नूतनीकरण झालं, पैसेही गेले. मग अंक का उतरत नाही?

प्रश्न : वर्तमानपत्राची डिजिटल वर्गणी संपली म्हणून पुण्याच्या मुलाने ती त्याच्या मोबाइलवरून भरली. तेव्हापासून रोजची पीडीएफ उतरते, पण उघडत नाही. ‘Failed to load PDF document’ असं येतं. फाईल ३८ केबीची दिसते. वर्गणी विभागाला काय लिहू? — निवृत्त शिक्षिका, खानापूर

बाई, तुमचा मोबाइल आणि नेट दोन्ही ठीक आहेत. फोटोंसह पूर्ण अंकाची पीडीएफ काही एमबींची असते, ३८ केबीत एक पानही मावणार नाही. घरात संगणक असेल तर ती फाईल नोटपॅडमध्ये उघडून बघा. खऱ्या पीडीएफची सुरुवात `%PDF-` अशी असते. तुमच्या फाईलमध्ये बहुधा `<!DOCTYPE html>` दिसेल. म्हणजे वेबसाईटने अंकाऐवजी ‘लॉगिन करा’ किंवा ‘वर्गणी भरा’ हे पान पाठवलं आणि ब्राउझरने तेच पीडीएफच्या नावाने साठवलं. थोडक्यात, वेबसाईटच्या लेखी तुमची वर्गणी संपलेली आहे.

याचं साधं कारण असं असू शकतं की मोबाइलवरचं जुनं लॉगिन अजून जुनीच मुदत धरून बसलंय. लॉग आउट करा, ब्राउझर बंद करा, पुन्हा ओटीपी घेऊन आत जा. रोज एकाच साठवलेल्या लिंकवरून अंक उतरवत असाल तर तेही थांबवा. अशा लिंकची मुदत बरेचदा थोड्या वेळात संपते. लॉगिन करून आजच्या अंकावर जा आणि तिथलंच बटण दाबा.

तरीही जमलं नाही, तर माझा संशय मुलाच्या नंबरावर आहे. पैसे भरताना त्याने स्वतःच्या नंबरावर ओटीपी घेतला असेल, तर त्याच्या नावाचं नवंच खातं उघडलं गेलं आणि वर्षाची मुदत तिकडे जमा झाली. मुलाला त्याच्या नंबराने लॉगिन करून खात्यातली मुदत बघायला सांगा. त्याच्याकडे पुढच्या वर्षाची तारीख आणि तुमच्याकडे गेल्या महिन्याची असेल, तर गाठ सापडली. पुन्हा पैसे भरू नका. मुदत एका खात्यातून दुसऱ्यात नेणं वर्गणी विभागाच्याच हातात असतं. त्यांना असं लिहा :

> नमस्कार. माझ्या डिजिटल वर्गणीचं नूतनीकरण माझ्या मुलाच्या मोबाइलवरून यूपीआयने झालं. पैसे भरल्याची तारीख, रक्कम आणि यूपीआय व्यवहाराचा १२ अंकी यूटीआर क्रमांक खाली दिला आहे. माझं जुनं खातं माझ्या नंबरावर आहे, मुदत मात्र मुलाच्या नंबरावर दिसते. ती माझ्या खात्यात वळती करावी. उतरलेली फाईल ३८ केबीची असून तिच्यात पीडीएफ नाही. पावती आणि दोन्ही खात्यांचे स्क्रीनशॉट जोडले आहेत.

दोन्ही नंबर नीट लिहा. ओटीपी किंवा यूपीआय पिन मात्र कुणीही मागितला तरी देऊ नका, तक्रार सोडवायला त्याची गरजच नसते.

प्रश्न : आम्ही कोल्हापूरची आवृत्ती वाचतो. नूतनीकरणानंतर बेळगावची आवृत्ती छान उतरते, कोल्हापूरला ‘403 Forbidden’ येतं. — वाचनालय चालक, निपाणी

४०३ चा अर्थ, वेबसाईटने तुम्हाला ओळखलंय, पण त्या अंकाची परवानगी तुमच्या खात्याला नाही. त्यामुळे पासवर्ड बदलून काही होणार नाही. पावतीवर आवृत्तीचं नाव बघा. वर्गणी एकाच आवृत्तीची असेल, तर फॉर्ममध्ये राज्य कर्नाटक किंवा ५९१२३७ हा पिनकोड घातल्यावर बेळगाव आवृत्ती आपोआप निवडली गेली असण्याची शक्यता आहे. सीमाभागातल्या वाचकाचा पत्ता एका राज्यात आणि रोजचा संबंध दुसऱ्या राज्यातल्या बाजारपेठेशी, हे फॉर्मला कुठून कळणार? ‘पत्ता निपाणीचाच राहू द्या, आवृत्ती कोल्हापूर करा’ असं स्पष्ट लिहा. नुसतं ‘अंक मिळत नाही’ लिहिलंत तर ते बेळगावचा अंक उघडून बघतील आणि सगळं ठीक असल्याचं कळवतील. योजनेचं नावही पावतीवर तपासा. काही योजनांत अंक फक्त पडद्यावर वाचता येतो, पीडीएफ उतरवता येत नाही.

प्रश्न : यूपीआयने पैसे कटले, पण पावती आली नाही आणि खात्यात जुनीच मुदत आहे. — चिकोडी

तुमच्या यूपीआय ॲपमध्ये त्या व्यवहाराची स्थिती बघा. यशस्वी दिसत असेल तर यूटीआर क्रमांकासह वर्गणी विभागाला लिहा. पैसे कटले आणि वृत्तपत्राकडे पोचल्याची खातरजमाच झाली नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळायला हवी. ही तक्रार ॲपमधल्या त्याच व्यवहारावरून किंवा बँकेकडे करायची, कारण अशा वेळी वर्गणी विभागाच्या नोंदीत तुमचे पैसे सापडणारच नाहीत.