महागाई दर कमी झाला, तरी वस्तू स्वस्त का होत नाहीत?

प्रश्न: बातम्यांत सांगतात महागाई घटली, पण खर्च तर वाढतोच आहे. आणि रेपो दर, मंदी, वित्तीय तूट यांचा त्याच्याशी काय संबंध?

कारण महागाई दर म्हणजे किंमत नव्हे, किंमत वाढण्याचा वेग. शंभर रुपयांची वस्तू ७ टक्क्यांनी वाढून १०७ ची झाली. पुढच्या वर्षी दर ४ टक्क्यांवर 'घसरला', तरी ती साधारण १११ रुपयांना मिळणार. आधीचे सात रुपये परत येत नाहीत.

हा वेग रोखायला रिझर्व्ह बँक रेपो दर वाढवते. बँकांना ती ज्या व्याजाने अल्पकाळ पैसे देते, तो हा दर. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये तो ४ वरून ६.५ टक्के झाला. रेपो दर वाढला की बँकाही आपल्या कर्जांचं व्याज वाढवतात. तीस लाखांचं, वीस वर्षांचं गृहकर्ज ६.५ ऐवजी ९ टक्क्यांनी फेडायचं म्हटलं, तर हप्ता सुमारे २२,४०० वरून २७,००० होतो. बरेचदा बँक हप्ता तोच ठेवून मुदत वाढवते, त्यामुळे भार लक्षातच येत नाही. कर्जाचं विवरणपत्र काढून उरलेले महिने जरूर मोजा.

कर्ज महागलं की लोक खरेदी लांबवतात, मागणी थंडावते. हे फार ताणलं आणि सलग दोन तिमाही देशाचं एकूण उत्पादन आक्रसलं, की ढोबळमानाने मंदी म्हणतात.

वित्तीय तूट म्हणजे सरकारला वर्षभरात उसना घ्यावा लागणारा पैसा. ती फुगली की बाकीचे जिथून कर्ज घेतात त्याच बाजारात सरकारही कर्ज मागतं, मग रेपो दर उतरूनही व्याज लवकर उतरत नाही.