फोटोतला चेहरा झाकून शोधा

ताई, मुलीसाठी स्थळं बघायला आत्ताच सुरुवात केलीत, म्हणून आधी एकच गोष्ट शिका. नवखी माणसं मुलाचा फोटो खरा आहे का बघायला तो आहे तसा गूगल लेन्सवर, म्हणजे फोटोवरून तसाच फोटो नेटवर शोधून देणाऱ्या सोयीवर टाकतात, काही सापडलं नाही की निर्धास्त होतात. पण ठगाने दुसऱ्याच्या फोटोवर वेगळाच चेहरा चिकटवला असला, तर तो सापडणार कसा? अंग, कपडे आणि मागचं दृश्य मात्र मूळ फोटोतलंच असतं. म्हणून चेहरा कापून उरलेला भाग शोधा.

आमच्या रत्नागिरीकडे बोटीवरच्या मुलाचं स्थळ आलं होतं. पांढरा गणवेश, मागे डेक. मान सावळी, चेहरा उजळ आणि चष्म्याची काडी कानाआधीच विरलेली. नुसता डेक नि गणवेश शोधल्यावर तोच फोटो निघाला, चेहरा मात्र दुसऱ्याचा!

तरी लगेच आरोप करू नका. ब्यूटी फिल्टरनेही चेहरा उजळतो, व्हॉट्सॲपवर बारकावे पुसले जातात. मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवा. शिवाय शोधात काही न सापडणं म्हणजे फोटो खरा, असं नाही.

मग:
- व्हिडिओ कॉलवर मान पूर्ण वळवायला, चेहऱ्यावरून हात फिरवायला सांगा. चेहऱ्याच्या कडा हलल्या तर संशय घ्या, पण नाही हलल्या म्हणून खात्री धरू नका.
- गावातल्या ओळखीच्या माणसाला मुलाच्या घरी पाठवा. वाडीत सगळं कळतं.
- भेटीआधी पैसे, आधार, मुलीचे जास्तीचे फोटो देऊ नका.

पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. चॅट पुसू नका.