उतारवयात चांगले तेवढे लक्षात का राहते?

प्रश्न: आई ७४ वर्षांची आहे. गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेचे फायदे आणि धोके डॉक्टरांनी दोन्ही नीट सांगितले. घरी आल्यावर तिला फायदे सगळे सांगता येतात, धोक्यांपैकी जेमतेम एखादा. माझ्या डोक्यात मात्र धोकेच घोळत आहेत. ही विसरभोळेपणाची सुरुवात समजायची का?

उत्तर:

केवळ एवढ्यावरून तसे म्हणता येणार नाही. आपण जे वर्णन केले आहे ते मानसशास्त्रात ‘पॉझिटिव्हिटी इफेक्ट’ या नावाने ओळखले जाते आणि त्यावर गेली वीसहून अधिक वर्षे भरपूर काम झाले आहे. मात्र या नावाने एक गैरसमज होतो, तो आधी दूर केलेला बरा. वृद्ध माणसे सदैव आनंदी असतात किंवा त्यांना वाईट काही दिसतच नाही, असा त्याचा अर्थ नाही. हा दोन वयोगटांमधला फरक आहे. तरुणांचे लक्ष आणि स्मरण अप्रिय गोष्टींकडे झुकलेले असते, वय वाढते तसा हा झुकाव कमी होत जातो आणि पुष्कळदा उलट बाजूला जातो. त्यामुळे आपल्या घरात ‘तिरके’ स्मरण फक्त आईचे आहे असे समजू नये. धोकेच डोक्यात घोळणे हाही एक कलच आहे, फक्त तो आपल्या वयाचा आहे.

हा फरक स्पष्टपणे पुढे आणणाऱ्या प्रयोगांपैकी एक सूझन चार्ल्स, मारा मॅथर आणि लॉरा कार्स्टेन्सन यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केला. तरुण, मध्यमवयीन आणि वृद्ध अशा तीन गटांना संगणकाच्या पडद्यावर काही चित्रे दाखवली: काही सुखद, काही त्रासदायक आणि काही अशी की ज्यांचे सुखदुःख काहीच नाही. लक्षात ठेवा असे कोणी सांगितले नव्हते. मध्ये दुसरे काहीतरी करायला देऊन मग विचारले, आठवतील तेवढी चित्रे सांगा. एकूण आठवण वयानुसार कमी झाली, यात आश्चर्य काही नाही. लक्षवेधी होते ते घटीचे स्वरूप. घट सगळीकडे सारखी नव्हती; त्रासदायक चित्रांचा वाटा प्रत्येक पुढच्या वयोगटात उतरत गेला. नुसती स्मरणशक्ती झिजली असती, तर तिन्ही प्रकारची चित्रे साधारण सारख्याच प्रमाणात गळायला हवी होती. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका प्रयोगात मॅथर आणि कार्स्टेन्सन यांनी लक्ष तपासले. पडद्यावर क्षणभर दोन चेहरे दिसत, एक भावनाविरहित आणि एक भाव व्यक्त करणारा. ते नाहीसे झाले की त्यांपैकी एकाच्या जागी ठिपका येई आणि तो कोणत्या बाजूला आहे ते बटण दाबून सांगायचे. दुःखी किंवा रागीट चेहऱ्याच्या जागी ठिपका आला तर वृद्धांना उत्तर द्यायला अधिक वेळ लागे, म्हणजे त्यांची नजर तिथून आधीच बाजूला सरलेली असे. तरुणांमध्ये हा फरक दिसला नाही.

आता खरा प्रश्न येतो तो कारणाचा, आणि आपल्या काळजीचे मूळही तिथेच आहे. सर्वांत सोपे स्पष्टीकरण असे की भीती आणि धोका टिपणारा मेंदूचा भाग, म्हणजे अमिग्डाला, वयाने मंदावतो आणि म्हणून वाईट गोष्टी नोंदल्याच जात नाहीत. ऐकायला हे पटण्यासारखे आहे, पण पुरावा त्याच्या बाजूने फारसा उभा राहत नाही. मॅथर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये स्कॅनरमध्ये पाहिले तेव्हा वृद्धांचा अमिग्डाला मंद पडलेला नव्हता. सुखद चित्रांना तो अप्रिय चित्रांपेक्षा जास्त प्रतिसाद देत होता. शिवाय अनेक चेहऱ्यांच्या गर्दीत एकच रागीट चेहरा असेल, तर तो वृद्धांच्याही चटकन नजरेत भरतो. धोक्याची घंटा वाजते. ती वाजल्यानंतर त्या गोष्टीवर किती वेळ रेंगाळायचे, यात वयाचा फरक पडतो.

झीज की निवड, हा वाद माझ्या मते ज्याने सर्वांत चांगला उलगडला तो प्रयोग मॅथर आणि मरिसा नाइट यांचा, २००५ चा. त्यांचा तर्क साधा होता. हा कल जर मेंदूच्या झिजेतून येत असेल, तर ज्यांची बौद्धिक पकड ढिली झाली आहे त्यांच्यात तो जास्त दिसायला हवा. तो जर मनाने केलेल्या निवडीतून येत असेल, तर उलट दिसायला हवे, कारण नको त्या विचारापासून मन वळवणे हे कष्टाचे काम आहे आणि त्याला लक्षावर ताबा लागतो. निकाल दुसऱ्या बाजूने लागला. लक्ष एकाग्र ठेवण्याच्या चाचण्यांमध्ये जे वृद्ध चांगले ठरले, त्यांच्याच स्मरणात सुखद चित्रांचे पारडे अधिक जड होते. मग त्यांनी आणखी एक गोष्ट केली: चित्रे पाहतानाच दुसऱ्या एका कामात लक्ष गुंतवून ठेवायला लावले. लक्ष विभागले गेले आणि वृद्धांचा सुखद गोष्टींकडचा कल नाहीसा झाला. हातात मोकळे लक्ष असेल तरच हा कल दिसतो, म्हणजे तो झिजेतून आपोआप उद्भवत नाही. आपल्या आईच्या बाबतीत ही बाब दिलासा देणारी आहे.

मग ही निवड माणूस करतो तरी का? कार्स्टेन्सन यांचे उत्तर असे की माणसाची उद्दिष्टे त्याच्या वयापेक्षा त्याला पुढे किती काळ दिसतो यावर ठरतात. पुढे लांबलचक आयुष्य दिसत असेल तर माहिती गोळा करणे, ओळखी वाढवणे, अपयशातून शिकणे यांना महत्त्व येते, आणि त्यासाठी अप्रिय गोष्ट लक्षात ठेवणे फार उपयोगाचे असते, कारण कुठे ठेच लागली हे पुढे कामाला येणार असते. काळ मोजका आहे असे जाणवू लागले की ही साठवण निरर्थक वाटू लागते आणि आजचा दिवस बरा जाणे, जिवाभावाची माणसे जवळ असणे यांना प्राधान्य मिळते. या कल्पनेची जमेची बाजू अशी की वय न बदलता ती तपासता येते. मोकळा अर्धा तास कोणाबरोबर घालवाल, असे विचारल्यावर वृद्ध घरच्या माणसाचे नाव घेतात, तर तरुणांची उत्तरे विखुरलेली असतात. पण आपण लवकरच एकटेच दूर देशी राहायला जाणार आहोत अशी कल्पना करायला सांगितली, की तरुणही घरच्या माणसाकडेच वळतात. परदेशी निघालेला मुलगा शेवटच्या आठवड्यात नव्या ओळखी करून घ्यायला जात नाही, हे आपल्याकडे अनेक घरांनी पाहिले आहे.

उद्दिष्ट बदलले की आठवणही बदलते, हे कॅथलिक संन्यासिनींवरच्या एका अभ्यासात फार सुरेख दिसले. तीनशे जणींनी १९८७ मध्ये आपल्या प्रकृतीविषयी आणि मनःस्थितीविषयी प्रश्नावली भरली होती. चौदा वर्षांनी, त्या ४७ ते १०२ वयाच्या असताना, त्यांना सांगितले, तेव्हा काय लिहिले होते ते आठवून पुन्हा भरा. काहींना आठवताना आपल्या भावनांकडे लक्ष द्यायला सांगितले, तर काहींना अचूकतेकडे; उरलेल्यांना कोणतीच सूचना नव्हती. जुना कागद हाती असल्यामुळे आठवण कोणत्या दिशेने सरकली हे थेट पडताळता आले. सूचना नसलेल्यांपैकी सर्वांत वयस्क गटाला जुना काळ प्रत्यक्षात नोंदवला होता त्यापेक्षा बरा आठवला, तर सर्वांत तरुण गटाला तो अधिक वाईट आठवला. पण भावनांकडे लक्ष द्यायला सांगितलेल्या तरुण जणींची आठवण वयस्कांसारखी झाली, आणि अचूकतेवर भर द्यायला सांगितलेल्या वयस्क जणींची आठवण तरुणांसारखी. एका सूचनेने वयाचा फरक पुसला गेला. (तरुण म्हणजे इथे पन्नाशीच्या आसपासच्या, हे लक्षात असू द्यावे.)

हे सगळे असले तरी हा कल सर्वत्र आणि प्रत्येक वेळी दिसतो असे नाही. शब्दांच्या याद्या पाठ करण्याच्या काही प्रयोगांत तो आढळला नाही. हेलेन फंग आणि सहकाऱ्यांना हाँगकाँगमधील वृद्ध आनंदी चेहऱ्यांवरून नजर बाजूला नेताना दिसले, तेव्हा कशाला ‘भावनिक समाधान’ म्हणायचे हे त्या त्या समाजाच्या वळणावरही अवलंबून असावे. २०१४ मध्ये शंभर अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर असे निघाले की माणसाला मोकळे सोडले, काय पाहावे आणि काय लक्षात ठेवावे याचे बंधन घातले नाही, तर कल ठळक असतो; ठराविक काम नेमून दिले की तो बराच फिका पडतो.

आपल्या दृष्टीने सर्वांत उपयोगाचा निष्कर्ष हाच आहे. कोरिना लॉकेनहॉफ आणि कार्स्टेन्सन यांनी २००७ मध्ये डॉक्टर आणि आरोग्य योजना यांची निवड हाच विषय घेतला. बऱ्या-वाईट बाबींची माहिती संगणकावर झाकून ठेवली होती आणि हवी ती उघडून वाचायची होती. सूचना दिली नाही तेव्हा वृद्धांनी तरुणांच्या मानाने चांगल्या बाबी जास्त उघडल्या आणि नंतर त्याच जास्त सांगितल्या. नेमके तपशील आणि वस्तुस्थिती यांवर लक्ष केंद्रित करा असे सांगितल्यावर दोन्ही गटांमधला फरक उरला नाही. तेव्हा आईला ‘तू वाईट ऐकतच नाहीस’ असे म्हणण्यापेक्षा पुढच्या भेटीआधी नेमके काम द्या: जंतुसंसर्ग झाला तर काय करावे लागते, पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून कोणते औषध किती दिवस, गुडघा पुरेसा वाकला नाही तर पुढे काय, हे तीन प्रश्न तिनेच वहीत लिहून डॉक्टरांना विचारावेत आणि उत्तरेही तिनेच आपल्या शब्दांत सांगावीत. दवाखान्याच्या गडबडीत, टीव्ही चालू असताना किंवा ती दमलेली असताना हे करू नये. आणि तोच उपाय थोडा आपल्यालाही लागू आहे. फायद्यांची यादी आपणही न बघता सांगून पाहावी.

विसरभोळेपणाची शंका घ्यायची ती वेगळ्या खुणांवरून. ज्यांना सुख-दुःखाचा रंगच नाही अशा गोष्टी पाहाव्यात: तपासणीचा वार, गोळी सकाळी घेतली की नाही, कालचे फोनवरचे बोलणे, नेहमीच्या दुकानाचा रस्ता. त्याही सुटू लागल्या असतील, एकच प्रश्न तासाभरात पुन्हा पुन्हा येत असेल, किंवा डॉक्टरांकडे जाऊन आलो हेच तिला आठवत नसेल, तर तो या कलाचा भाग नव्हे आणि स्मरणशक्तीची रीतसर तपासणी करून घ्यावी. आधी वाईट गोष्टींवर न रेंगाळणारी व्यक्ती अलीकडे फक्त दुःखाचेच बोलू लागली असेल, तर नैराश्यासाठीही एकदा दाखवावे, कारण ते वयाच्या नेहमीच्या वळणाविरुद्ध आहे आणि पुष्कळदा ‘म्हातारपणी असे व्हायचेच’ म्हणून दुर्लक्षित राहते.