अपडेटनंतरच्या रीस्टार्टमध्ये फोनच्या आत काय घडते

प्रश्न: “फोन म्हणतो अपडेट डाउनलोड झाले, इन्स्टॉलही झाले, आणि वर पुन्हा ‘रीस्टार्ट करा’ म्हणून मागे लागतो. सगळे बसलेच आहे तर बंद-चालू कशाला? आणि तेवढ्या वेळात आत नेमके होते तरी काय?”

अपडेट बसलेले असते हे खरे, पण तुम्ही ज्या सिस्टिमवर त्या क्षणी काम करत असता तिच्यावर ते बसलेले नसते. ते तिच्या शेजारी तयार ठेवलेले असते. रीस्टार्ट म्हणजे जुन्या सिस्टिमकडून नव्या सिस्टिमकडे कारभार सोपवणे, आणि नवी सिस्टिम खरोखर चालते की नाही याची परीक्षा घेणे. निपाणीत मी गेली काही वर्षे मोबाइल दुरुस्तीचे काम करतो आणि हा प्रश्न मला दुकानातही वारंवार विचारला जातो. पुढील विवेचन अँड्रॉइड फोनपुरते आहे. आयफोनची रचना वेगळी आहे.

२०१६ साली आलेल्या अँड्रॉइड ७ पासून फोनमध्ये सिस्टिमसाठी दोन जागा ठेवण्याची सोय झाली. त्यांना स्लॉट म्हणतात: एक ‘_a’ आणि दुसरा ‘_b’. तुमचा फोन ‘_a’ वर चालू असेल, तर अपडेट ‘_b’ मध्ये लिहिले जाते, आणि त्या वेळी तुम्ही बोलत असा, व्हिडिओ पाहत असा, काही बिघडत नाही. पूर्ण दोन प्रती ठेवल्या की जागा फार जाते, म्हणून अँड्रॉइड ११ पासून दुसरी प्रत अख्खी न ठेवता फक्त बदललेले तुकडे मोकळ्या जागेत साठवण्याची पद्धत आली. फोनमध्ये जागा शिल्लक नसली की अपडेट अडते ते बहुधा याचमुळे.

मग चालू सिस्टिमचेच तुकडे जागच्या जागी का बदलत नाहीत? याचे मुख्य कारण सुरक्षेचे आहे. सिस्टिमचा भाग फोन सुरू होतानाच केवळ वाचण्यापुरता उघडला जातो. त्याचे ४ किलोबाइटचे लहान तुकडे पाडलेले असतात, प्रत्येक तुकड्याचा ठसा, म्हणजे त्यातल्या माहितीवरून गणिताने काढलेली ओळखखूण, आधीच काढून ठेवलेला असतो, आणि त्या सगळ्या ठशांवर मिळून एक मुख्य ठसा असतो. तुकडा वाचताना त्याचा ठसा जुळवून पाहिला जातो. चालू असताना कोणी त्यातले एक अक्षर जरी बदलले, तरी ठसा जुळणार नाही आणि फोन तो तुकडा नाकारेल. व्हायरसला सिस्टिममध्ये शिरता येऊ नये म्हणून घातलेले हे कुलूप फोनच्या स्वतःच्या अपडेटलाही तितकेच लागू आहे. त्यात भर अशी की कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, फोन सुरू होताना मेमरीत चढतो आणि बंद होईपर्यंत तिथेच राहतो. सर्व ॲपही सुरुवातीला मेमरीत तयार करून ठेवलेल्या एकाच मूळ प्रक्रियेतून जन्म घेतात. एखादे ॲप अपडेट करताना तेवढे एकच ॲप बंद करून पुन्हा उघडता येते, पण ज्या जमिनीवर सगळी ॲप उभी आहेत ती जमीन बदलायची तर सगळ्यांनाच उठवावे लागते.

आता रीस्टार्टच्या क्षणाकडे येऊ. ‘यापुढे ‘_b’ वरून सुरू व्हायचे’ अशी नोंद आधीच केलेली असते. फोन चालू होताच सुरुवातीला जागा होतो तो बूटलोडर, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम. तो ही नोंद वाचतो, नव्या स्लॉटवरची निर्मात्याची डिजिटल सही तपासतो आणि नवा कर्नल मेमरीत चढवतो. इथे एक गोष्ट फार विचारपूर्वक केलेली आहे. नव्या स्लॉटला बूटलोडर मोजकेच प्रयत्न देतो आणि प्रत्येक वेळी सुरू करताना त्यातला एक वजा करतो. सिस्टिम पूर्ण उभी राहिली, बदललेले तुकडे वाचून त्यांचे ठसे जुळले, की मगच ‘हा स्लॉट यशस्वी’ असा शिक्का बसतो. शिक्का बसण्याआधी प्रयत्न संपले, तर बूटलोडर नवा स्लॉट निकामी ठरवतो आणि मुकाट्याने जुन्याकडे परततो.

याचा प्रत्यय मला एका प्रसंगात आला. चिकोडीकडच्या एका गावात दूध संकलन केंद्र चालवणारे एक गृहस्थ फोन घेऊन आले. अपडेटनंतर कंपनीचे चिन्ह पडद्यावर बराच वेळ थांबले, फोन अडकला असे समजून त्यांनी पॉवरचे बटण दाबून धरून तो बंद केला, आणि असे अनेकदा केले. शेवटी फोन उघडला तो जुन्याच आवृत्तीवर, अपडेट अयशस्वी झाल्याच्या सूचनेसह. त्यांनी प्रत्येक वेळी फोन बंद करून एकेक प्रयत्न संपवला होता. मी यूएसबी डिबगिंग सुरू करून फोन संगणकाला जोडला आणि तो कोणत्या स्लॉटवर चालू आहे हे विचारणारी ही आज्ञा दिली:

```
adb shell getprop ro.boot.slot_suffix
```

उत्तर आले `_a`. अपडेट पुन्हा उतरवले, रीस्टार्ट केले आणि फोनला हात न लावता काउंटरवर ठेवून दिला. चिन्ह या वेळीही रेंगाळले, कारण नव्या सिस्टिमला पहिल्याच वेळी बरीच तयारी करावी लागते. पण सुमारे चार मिनिटांनी फोन उघडला, आणि तीच आज्ञा दिल्यावर उत्तर आले `_b`. त्यांचा एकही फोटो किंवा हिशेब गेला नव्हता, कारण वापरकर्त्याची माहिती या दोन्ही स्लॉटच्या बाहेर, वेगळ्या विभागात असते.

फोन उघडला म्हणजे काम संपले असे मात्र नाही. अँड्रॉइड ११ पासूनच्या रचनेत बाजूला ठेवलेले तुकडे यशाचा शिक्का बसल्यानंतर मूळ जागी मिसळले जातात. हे काम पडद्यामागे चालते, त्यामुळे फोन थोडा वेळ कोमट लागू शकतो. मध्येच बॅटरी संपली तरी पुढच्या वेळी काम राहिले तिथून पुढे सुरू होते. मात्र मिसळणे सुरू झाले की जुन्या आवृत्तीकडे परतण्याची वाट बंद होते.

रीस्टार्टनंतरची आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण तिने माणसे घाबरतात. खानापूर तालुक्यातल्या एका मावशींनी रात्री रीस्टार्टला फोन लावला आणि पहाटे मुलाचा फोन आला तेव्हा पडद्यावर नुसता आकडा दिसला, नाव नाही. सगळे नंबर पुसले गेले असे वाटून त्या सकाळीच दुकानात आल्या. वास्तविक तुमचे संपर्क आणि संदेश ज्या कुलपात असतात त्याची किल्ली तुमच्या पिनपासून तयार होते, आणि रीस्टार्टनंतर पहिल्यांदा पिन टाकेपर्यंत ती किल्ली मेमरीत नसते. बोटाचा ठसाही तोवर चालत नाही. कॉल येतो, पण नाव दिसत नाही आणि बहुतेक ॲपचे संदेश येत नाहीत. मावशींनी माझ्यासमोर पिन टाकला आणि सगळी नावे जागेवर आली. म्हणून रात्री रीस्टार्ट केले असेल, तर झोपण्यापूर्वी फोन उघडेपर्यंत थांबा आणि पिन टाकूनच तो उशाशी ठेवा.

रीस्टार्ट पुढे ढकलल्याने फोन बिघडत नाही, पण तोवर तुम्ही जुन्याच सिस्टिमवर असता आणि सुरक्षेची नवी दुरुस्ती शेजारच्या स्लॉटमध्ये पडून राहते. दुरुस्ती लागू झाली की नाही हे सेटिंगमध्ये फोनविषयीच्या माहितीतील सुरक्षा अपडेटच्या तारखेवरून कळते. ती तारीख रीस्टार्टनंतरच पुढे सरकते.