मुलींच्या शिक्षणावरील म्हणी

प्रश्न: गावातील जनजागृतीच्या भाषणासाठी मुलींच्या शिक्षणाचे महत्त्व सांगणाऱ्या म्हणी अर्थासह सांगाल का?

‘जिच्या हाती पाळण्याची दोरी, ती जगाते उद्धारी’ ही म्हण भाषणाचा मुख्य आधार करावी. मूल घडवणाऱ्या आईवर पुढची पिढी अवलंबून असते, हा तिचा अर्थ. म्हणून लसीकरणाचे कार्ड आणि औषधावरील मुदत स्वतः वाचणाऱ्या आईचे उदाहरण द्यावे. मात्र ही म्हण स्त्रीला केवळ आई म्हणून पाहते, त्यामुळे जोडीला ‘मुलगी शिकली, प्रगती झाली’ हे वाक्य घ्यावे; ती जुनी म्हण नसून प्रचारातील घोषणा आहे, एवढे लक्षात ठेवावे. ‘पहिली बेटी, धनाची पेटी’ ही म्हण मुलीच्या जन्माचे स्वागत करते, शिक्षणाविषयी काहीच सांगत नाही, म्हणून ती फार तर सुरुवातीला वापरावी.