नऊ वर्षांनी दातांच्या खुर्चीत बसताना

प्रश्न: नऊ वर्षं दातांच्या डॉक्टरांकडे गेलेलो नाही. आता खालची दाढ ठणकते. अपॉइंटमेंट घेतो आणि आदल्या रात्री रद्द करतो. खुर्ची आडवी झाली आणि तोंडात पाणी साचलं की गुदमरल्यासारखं होतं. सगळे दीर्घ श्वास घ्या म्हणतात, पण त्याने उलट गरगरतं. काय करू?

उत्तर:

आधी एक पाहून घ्या. गालावर किंवा जबड्याखाली सूज, ताप, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास यातलं काहीही असेल तर खालचं सगळं बाजूला ठेवा आणि आजच दाखवा. ठणका आपोआप थांबला तरी बरं वाटलं असं समजू नका. कधी कधी दाताची नस मेल्यामुळे दुखणं थांबतं आणि मुळाशी संसर्ग चालूच राहतो.

आता गरगरण्याबद्दल. घाबरल्यावर श्वास आधीच जलद चाललेला असतो. त्यात छाती भरभरून श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड आणखी उतरतो. त्याने डोकं हलकं होतं, ओठ आणि बोटं मुंग्या आल्यासारखी होतात, आणि गंमत म्हणजे हवा पुरत नाही असंही वाटतं. मग माणूस आणखी मोठा श्वास ओढतो. तुम्हाला खोल श्वास नको, संथ श्वास हवा. नेहमीएवढाच श्वास नाकाने घ्या, मनात चार मोजत, आणि सहा मोजत नाकानेच सोडा. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. गरगरलं तर श्वास अजून लहान करा, वेग तोच ठेवा.

हे पहिल्यांदा खुर्चीत करून पाहायला गेलात तर जमणार नाही. दोन आठवडे घरी, दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटं करा. आधी बसून, मग उशांना टेकून अर्धवट आडवं होऊन, मग तसंच तोंड उघडं ठेवून. शेवटी त्याच स्थितीत चमचाभर पाणी तोंडात धरून नाकाने श्वास चालू ठेवा. जिभेची मागची बाजू टाळूला टेकते, घशाची वाट बंद होते, पाणी पुढेच राहतं आणि नाकाचा मार्ग मोकळा असतो. तुमची भीती नेमकी इथे अडकलेली आहे, म्हणून माझ्या मते तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा सराव हाच. नको वाटलं की मान वळवून पाणी थुंका. नाक चोंदलेलं असेल तर हा सराव त्या दिवशी करू नका, आणि सर्दी असताना अपॉइंटमेंटही घेऊ नका.

सुई किंवा रक्त पाहून तुम्हाला कधी खरोखर चक्कर येऊन पडायला झालं असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे रक्तदाब घसरतो आणि अंग सैल सोडल्याने तो वर येत नाही. अशा वेळी हात, मांड्या आणि पोट दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायचे, वीस-तीस सेकंद सोडायचे आणि असं चार-पाचदा करायचं. डॉक्टरांना आधी सांगा, म्हणजे खुर्ची आडवी ठेवून काम करता येतं.

थांबण्याची खूण म्हणजे नुसतं "काही वाटलं तर हात वर करा" नव्हे. डॉक्टर उजव्या बाजूला बसत असतील तर डावा हात, कोपरातून उचलून खांद्यापर्यंत. तोंडाजवळ न्यायचा नाही. हात वर केल्यावर मान वळवायची नाही आणि तोंड मिटायचं नाही, कारण ड्रिल थांबून बाहेर यायला दोन-तीन सेकंद लागतात आणि इजा होते ती त्याच वेळात. पाणी ओढून घेण्यासाठी दुसरी खूण ठेवा, समजा दोन बोटं. नाहीतर प्रत्येक घोटाला सगळं काम थांबतं आणि तुम्हालाच संकोच वाटू लागतो.

ही खूण काम सुरू होण्याआधी वापरून पाहा. डॉक्टरांनी तोंडात फक्त आरसा धरायचा आणि तुम्ही काही होत नसताना तीनदा हात वर करायचा. तिन्ही वेळा आरसा लगेच बाहेर आला तरच शरीराला ते पटतं. "झालंच, एक मिनिट" असं उत्तर आलं तर दुसरे डॉक्टर शोधा. नुसत्या आरशाला जे थांबत नाहीत ते ड्रिलला काय थांबणार. काम अर्धवट राहील ही धास्ती नको, दात तात्पुरता भरून ठेवता येतो.

बहुतेक लोक हात फार उशिरा वर करतात. भीतीला शून्य ते दहा गुण द्या आणि पाच-सहाला हात उचला, नवाची वाट पाहू नका. थांबल्यावर लगेच उठूही नका. खुर्चीतच दोन मिनिटं चार-सहाचा श्वास घ्या, मग पुढे जायचं की नाही ते ठरवा. भीती शिगेला असताना पळालात की शरीर एवढंच शिकतं: पळालो म्हणून वाचलो. आदल्या रात्री रद्द केल्यावर जो सुटकेचा निःश्वास येतो, तोच पुढची अपॉइंटमेंट जड करतो.

म्हणून पायऱ्या लहान हव्यात. तुमच्या बाबतीत मी त्या अशा लावेन. फोनवर सरळ सांगा: "नऊ वर्षं आलो नाही, आडवं झाल्यावर गुदमरतं, पहिल्या वेळी फक्त बोलायचंय." भीतीच्या दहा गुणांपैकी ही तुमच्यासाठी चार गुणांची पायरी असेल. त्या भेटीत सरळ खुर्चीत दहा मिनिटं बसा, हत्यार नाही. दुसऱ्या भेटीत खुर्ची थोडी-थोडी मागे, आरसा, खुणेचा सराव आणि दाढेचा एक्स-रे. तिसऱ्यांदा पुढच्या चार-सहा दातांची सफाई, कारण तिथे पाणी आणि ते ओढून घेणारी सक्शनची नळी दोन्ही येतात आणि दुखण्याची शक्यता कमी असते. मग सुई, मग दाढेचं काम. प्रत्येक वेळी भीती निदान दोन-तीन गुणांनी उतरेपर्यंत तिथेच थांबा. नाही उतरली तर तीच पायरी पुन्हा. दोन भेटींत आठवड्याचं अंतर बरं. महिना गेला की पुन्हा सुरुवातीपासून.

एक अडचण आहे: ठणकणारी दाढ पाच आठवडे थांबेलच असं नाही. एक्स-रे पाहून डॉक्टर घाई करा म्हणाले तर ते एक काम गुंगीच्या औषधाखाली किंवा नाकाने हुंगायच्या नायट्रस ऑक्साइड वायूवर उरकून घ्या आणि पायऱ्या नंतर चालू ठेवा. मात्र गुंगीत झालेल्या कामाने भीती फारशी कमी होत नाही, हे धरून चाला.

सुईच्या दिवशी हिरडी कोरडी करून बधिर करणारं जेल एक-दोन मिनिटं ठेवायला सांगा आणि औषध सावकाश सोडायला सांगा. भुलीच्या औषधात बहुधा ॲड्रेनलिन असतं, त्याने काही मिनिटं छाती धडधडू शकते. ते माहीत नसलं की लोकांना वाटतं आपण पुन्हा घाबरलो. भूल वेदना थांबवते. दाब आणि थरथर जाणवणारच. पण सुजलेल्या नसेवर भूल खरोखरच कमी लागते. तेव्हा कळ आली तर ती सहन करू नका, हात वर करा आणि आणखी भूल मागा.

अपॉइंटमेंट सकाळची पहिली घ्या, म्हणजे दिवसभर वाट पाहायला नको. आणि आदल्या रात्री हात फोनकडे गेलाच तर रद्द करू नका, "उद्या फक्त बसायला येतो" असं कळवा.