एक्सेलवरून डब्ल्यूएमएसवर जाताना साठा का जुळत नाही?

प्रश्न: लातूरला आमचे कीटकनाशकांचे वितरण आहे. डब्ल्यूएमएस, म्हणजे गोदाम व्यवस्थापनाची संगणक प्रणाली, सुरू करताना कोणती चूक टाळावी?

एक्सेलमधील शिल्लक आकडे जसेच्या तसे आरंभीचा साठा म्हणून भरू नका, कारण तिथे पेट्यांचा आकडा ‘९०’ एवढाच लिहिलेला असतो आणि त्यातली प्रत्येक पेटी नेमकी किती बाटल्यांची, हे केवळ गोदामपालाला ठाऊक असते. जालन्यातील आमच्या गोदामात अर्धा लिटरच्या एका औषधाच्या ९० पेट्यांपैकी ३० जुन्या, २० बाटल्यांच्या होत्या आणि ६० नव्या, २४ बाटल्यांच्या. आम्ही सर्वांना २४ हेच प्रमाण दिल्याने प्रणालीत २१६० बाटल्या दिसू लागल्या, प्रत्यक्षात मात्र २०४० होत्या. १२० बाटल्यांची ही तूट आधी चोरीच वाटली, आणि एका प्रामाणिक हमालावर संशय घेतला गेला, याचे मला आजही वाईट वाटते. तूट पेटीतील फरकाच्या, म्हणजे इथे ४ च्या, पटीत असेल तर आधी हे प्रमाण तपासावे.

म्हणून मूळ एकक बाटली ठेवावे, प्रत्येक पेटीप्रकाराला स्वतंत्र बारकोड द्यावा आणि आवक-जावक पूर्ण थांबवून, बॅच क्रमांक व मुदत पाहत हाताने मोजलेलाच साठा भरावा. हे काम खरीपाच्या गर्दीत मुळीच काढू नये.